उन्हाळ्यात पाठ भिजते, सकाळी चादर गोळा होते: पलंगावरचे थर नेमके कुठे चुकतात

मार्च संपत आला की हीच तक्रार पुन्हा सुरू होते. रात्री पलंग छान आवरलेला असतो, चादर ताणलेली, उशा जागच्या जागी. पहाटे तीनला पाठीखाली ओल जाणवून जाग येते आणि सकाळी उठून पाहावं तर चादर मध्यभागी गोळा झालेली, एका कोपऱ्यातून गादी उघडी पडलेली. मग पांघरूण काढलं जातं, पंखा वाढवला जातो, नवी चादर येते. आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. आपण वरचे थर काढत राहतो आणि त्रास खालच्या थरांमधून होत असतो. अंगावरचं पांघरूण लाथेने बाजूला सारता येतं, पण पाठीखालच्या थरांचं झोपेत काहीच करता येत नाही. शिवाय चादर गोळा होणं आणि पाठ भिजणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या तरी पुष्कळदा दोन्हींच्या मुळाशी तोच एक थर असतो.

उदाहरण म्हणून फ्लॅटमध्ये नेहमी दिसणारा पलंग घेऊ. ७२ बाय ७८ इंचांची, ८ इंच जाडीची फोमची गादी. त्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला प्रोटेक्टर. त्यावर ‘ग्लेस कॉटन’ म्हणून घेतलेली ९० बाय १०० इंचांची डबल चादर. पायथ्याशी जाडजूड क्विल्ट, उशाशी दोन झोपायच्या उशा आणि चार शोभेच्या. झोपणारी माणसं दोन.

आधी ओल कुठे आहे ते बघा

काही विकत घ्यायच्या आधी दोन रात्री एवढंच करा. जाग येईल तेव्हा हात फिरवून अंग नेमकं कुठे ओलं आहे ते पाहा. पाठ आणि कंबर ओली, पण छाती कोरडी असेल तर दोष खालच्या थरांत आहे. छाती आणि पोटही ओलं असेल तर पांघरूण जड आहे किंवा खोलीत हवाच खेळत नाही. फक्त मान आणि केसांची मुळं भिजत असतील तर उशी बघायला हवी.

सकाळी उठल्या उठल्या चादर उचला आणि जिथे पाठ होती तिथे प्रोटेक्टरवर तळहात ठेवा. तो दमट, गार-चिकट लागला तर घाम चादरीतून खाली उतरला आणि पुढे जायला वाट न मिळाल्याने तिथेच अडकला. वॉटरप्रूफ प्रोटेक्टरच्या पोटात प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. वरून टॉवेलसारखं सुती कापड असलं तरी ते एका मर्यादेपर्यंतच घाम शोषतं, त्यानंतर तो पाठीला परत लागतो. फोम मुळातच उष्णता धरून ठेवतो आणि अंग त्यात रुतत असल्यामुळे पाठीला हवा लागत नाही. या दोन्हींच्या वर न शोषणारी चादर आली की पाठ भिजणारच.

चादर खरंच सुती आहे का तेही याच वेळी तपासा. कडेचा एक धागा ओढून काढा आणि बेसिनवर चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो आणि बोटाने चुरली तर मऊ करडी राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मणी पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. ‘ग्लेस कॉटन’ नावाने मिळणारं कापड बहुतेकदा या परीक्षेत मणीच देतं. ते गुळगुळीत असतं, सुरकुतत नाही, रंगही चमकदार, म्हणून दुकानात आवडतं. हिवाळ्यात ते चालून जाईल, उकाड्यात नाही.

चादर का सुटते: हिशेब करून बघा

चादर सुटली की दोष झोपणाऱ्याच्या लोळण्याला दिला जातो. खरं तर मापातच खोट असते. आपल्या उदाहरणातली गादी ७२ इंच रुंद आणि ८ इंच जाड आहे. चादरीला गादीची रुंदी झाकायची, दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंच खाली उतरायचं आणि मग गादीखाली जायचं. ७२ अधिक १६ म्हणजे ८८. चादर ९० इंचांची. म्हणजे खोचायला एका बाजूला उरला एक इंच. त्यात सुती चादर पहिल्या एक-दोन धुण्यांत शेकडा तीन ते पाच आटते. ९० ची ८६-८७ झाली की खोचायला काहीच उरत नाही. ती गादीखाली गेल्यासारखी दिसते, पण धरलेली नसते. कुशीवर वळलात की निघते.

चादर रात्रभर टिकायला प्रत्येक बाजूने निदान सहा इंच गादीखाली हवेत, आठ असतील तर उत्तम. १०८ बाय १०८ ची चादर घेतली तर रुंदीला १०८ वजा ८८, म्हणजे २० इंच उरतात, एका बाजूला दहा. आटल्यावरही आठच्या आसपास राहतात. लांबीला ७८ अधिक १६ म्हणजे ९४. इथे १४ इंच उरतात, आटल्यावर दहा. ते दोन्हीकडे सारखे वाटण्यापेक्षा पायथ्याला जास्त द्या, कारण पाय चादर जास्त ओढतात आणि उशाकडची कड उशांच्या वजनाने बरीचशी दबून राहते. जुनी ६ इंची गादी बदलून ८ किंवा १० इंची आणली की इतकी वर्षं नीट बसणाऱ्या चादरी अचानक सुटायला लागतात, त्याचं कारणही हेच.

घरात ९० बाय १०० च्या चांगल्या सुती चादरी असतील तर त्या टाकून देऊ नका. जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या १० इंच रुंद पट्ट्या कापून चादरीच्या दोन्ही लांब कडांना जोडून घ्या. पट्टी आधी धुऊन वाळवा, नाहीतर नंतर ती आटते आणि शिवण चुणते. ८ इंची गादीवर ही शिवण बरोबर गादीच्या खालच्या कडेपाशी येते. चादरीचा अर्धा भाग ४५ इंच. गादीचा अर्धा ३६ आणि उतार ८ मिळून ४४. म्हणजे जोड दिसतच नाही, आणि खोचायला नऊ-दहा इंच मिळतात. शेजारच्या शिंप्याकडे हे अर्ध्या तासाचं काम आहे.

इलॅस्टिकची चादर वापरत असाल तर तिच्या कोपऱ्याची खोली मोजा. ८ इंची गादीला १० इंच खोलीचा कोपरा हवा. आठाला आठ घेतली तर ती कशीबशी बसते आणि मध्यरात्री एक कोपरा फट्कन निघतो.

मधला थर

सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो. पूर्वी गादीवर सतरंजी आणि सतरंजीवर चादर घातली जायची. त्यात दोन कामं होत होती: सतरंजी घाम शोषून घ्यायची आणि तिच्या खरखरीत विणीवर चादर घसरायची नाही. फोमच्या गाद्या आल्या, त्यांवर प्रोटेक्टर आले आणि हा मधला थर गळून पडला.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस नसेल तर मार्च ते मे प्रोटेक्टर काढूनच ठेवा. गरज असेल तर तो राहू द्या, पण त्याच्यावर शोषणारा सुती थर हवाच. यासाठी वापरून मऊ झालेली सोलापुरी चादर फार चांगली. ती पूर्ण पलंगभर अंथरायची गरज नसते. समजा तुमच्याकडे ६० बाय ९० इंचांची एकेरी सोलापुरी आहे. ती गादीवर आडवी घाला, म्हणजे ९० ची बाजू पलंगाच्या रुंदीवर येईल आणि दोन्हीकडे नऊ इंच खाली उतरतील. वरची कड उशाकडच्या टोकापासून आठ इंचांवर ठेवा. ती उशांखाली झाकली जाते. तिथून ६० इंच खाली म्हणजे खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंतचा, घामाचा सगळा भाग येतो. खालची कड पायथ्यापासून दहा इंचांवर येते. तिचा उंचवटा वरच्या चादरीतून पुसटसा दिसतो, पण दिवसा तिथे पांघरुणाची घडी येणार आहे, त्यामुळे तोही लपतो. तुमच्या चादरीचं माप थोडं वेगळं असेल तर उशाकडची कड उशीखाली राहील एवढं पाहा आणि बाकी पायथ्याकडे सरकवा.

मुंबई, कोकण, गोवा इथे मात्र हा जाड थर अडचणीचा ठरतो. तिथे हवेतच ओल असते, सोलापुरी घाम पिते पण दिवसभरात वाळत नाही आणि चार दिवसांत कुबट वास येतो. अशा ठिकाणी जुनी सुती साडी बरी. साडेपाच मीटरची साडी लांबीत एकदा दुमडली की साधारण १०८ इंच लांब आणि ४५ इंच रुंद अशी दुपदरी पट्टी होते. ती आडवी घातली तर दोन्ही बाजूंना दहा इंच गादीखाली जातात आणि खांद्यापासून मांड्यांपर्यंतचा भाग झाकला जातो. पातळ असल्यामुळे पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळते, आणि वरून ती आहे हे कळतही नाही. फक्त काठ जाड किंवा जरीचा असेल तर कापून टाका. तो पाठीला टोचतो.

त्यावर येणारी चादर साध्या विणीची सुती हवी, म्हणजे एक धागा वर, एक खाली अशी. सॅटीन विणीची चादर सुती असली तरी तिची वीण दाट आणि अंगाला लगटणारी असते. थ्रेड काउंट १८० ते ३०० पुरे. त्याहून मोठा आकडा पाहून भुलू नका. कापड जितकं दाट, तितकी हवा कमी.

एक गोष्ट राहून जाते म्हणून सांगतो. चादर सुती आहे, पहिला महिना छान गेला आणि नंतर ती चिकट वाटायला लागली, असं असेल तर धुताना सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर घालणं बंद करा. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. चादरीवर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच पसरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर लेप बसला आहे. पांढरी किंवा पक्क्या रंगाची चादर असेल तर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा आणि साबणाशिवाय दोनदा खळबळा. कच्च्या रंगाला हे करू नका, रंग उतरेल.

अंगावर काय, आणि ते दिवसा कुठे

पुणे-नाशिककडे रात्री अकराला पांघरूण नकोसं असतं आणि पहाटे चारला हवं असतं. बाहेरची हवा गार होते, आणि शरीराचं तापमानही पहाटेच सर्वांत खाली असतं. म्हणून एका जाड क्विल्टचा इथे उपयोग नाही. घेतलं तर घाम, काढलं तर थंडी. दोघांमध्ये एक मोठं पांघरूणही नको, कारण एकाला गरम होतं तेव्हा दुसऱ्याला होत नसतं. मग ओढाताण होते आणि तीही खालची चादर सोडवते. दोघांना दोन, प्रत्येकी ६० बाय ९० ची, मलमलची दोहर किंवा दोन पदरी गोधडी द्या. गोधडी घेताना ती धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचीच असावी. आत सिंथेटिक साडीचा एक जरी पदर असेल तर ती दमट होते. टाक्यांची ओळ जवळजवळ असलेली गोधडी धुतल्यावर आतून गोळा होत नाही.

एसी १८-२० वर ठेवून वर रजई घेण्याची सवय असेल तर एसी २६ वर आणा, पंखा हळू ठेवा आणि हीच दोहर घ्या. वीज गेली तर रजईखाली पाच मिनिटांत घाम फुटतो, दोहरीखाली तसं होत नाही.

आता पलंग नीट दिसण्याचा भाग. दोहरीच्या घडीतूनच तो साधतो. ६० इंचांच्या रुंदीतून दोन्ही बाजूंनी १२-१२ इंच आत दुमडा. राहिले ३६, म्हणजे बरोबर अर्धा पलंग. मग ९० ची लांबी पंख्यासारखी पुढे-मागे चार पदरांत घाला. साधारण २२ इंचांची घडी होते. दोन्ही दोहरी पायथ्याशी शेजारी-शेजारी ठेवल्या की ७२ इंचांची सलग पट्टी दिसते, आणि मधल्या थराची कड तिच्याखाली जाते. घडीची मोकळी कड उशाकडे ठेवा. पहाटे अर्धवट झोपेत एका हाताने कोपरा धरून ओढला की दोहर सरळ अंगावर येते. साध्या चौकोनी घडीत कड सापडतच नाही, मग उठून बसावं लागतं. दोहर पायथ्याला खोचू मात्र नका. पाय उघडे राहिले की अंगातली उष्णता तिथून निघून जाते.

दोन्ही दोहरी एकाच रंगाच्या हव्यात असं नाही. पण चादर फुलाफुलांची असेल तर दोहर एकरंगी घ्या. दोन्हींवर नक्षी असली की घडी कितीही नीट घातली तरी पलंग विस्कटलेला वाटतो.

उशांबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात रात्री डोक्यामागे एकच उशी ठेवा. शोभेच्या चार उशा आजूबाजूला राहिल्या की डोक्याभोवती हवा अडते. त्यांना रात्री ठेवायला खुर्ची किंवा टोपली ठरलेली असू द्या, नाहीतर त्या जमिनीवर जातात आणि तीच धूळ सकाळी पलंगावर येते. मान भिजत असेल तर मेमरी फोमची उशी काढून सावरीच्या कापसाची घ्या. तिचा कापूस हलका असतो, त्यातून हवा खेळते. अभ्रा उशीपेक्षा एकच इंच मोठा हवा: १७ बाय २७ च्या उशीला १८ बाय २८. त्याहून मोठ्या अभ्र्याच्या चुण्या पडतात, आणि आपण उगाच दोष इस्त्रीला देतो. केसांच्या तेलाने अभ्रा घाम शोषेनासा होतो, म्हणून या दिवसांत तो आठवड्यातून दोनदा बदला.

सकाळी आवरताना

उठल्याबरोबर पलंग आवरणं ही चांगली सवय मानली जाते, पण उकाड्यात तिनेच ओल आत कोंडली जाते. दोहरी काढून खुर्चीवर टाका, उशा उभ्या करा, चादर उशाकडून पायथ्याकडे अर्धी उलटा आणि पंखा लावून निदान अर्धा तास पलंग उघडा ठेवा. चहा-आंघोळ होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. मधला थर दर दोन-तीन दिवसांनी उन्हात टाका.

मग चादर पसरून आधी पायथ्याची कड खोचा. कोपऱ्याशी बाजूने लोंबणारी कड पायथ्यापासून साधारण १५ इंचांवर धरून वर उचला आणि गादीवर ठेवा. एक तिरका त्रिकोण तयार होईल. खाली लोंबणारा तुकडा गादीखाली सारा, वरचा त्रिकोण खाली सोडा आणि तोही खोचा. कोपरा पाकिटासारखा बसतो आणि कुशीवर वळल्याने सुटत नाही. खोचताना तळहात खाली करून बोटं सपाट आत सरकवा. मूठ करून कोंबलं तर गादीखाली चादरीचा गोळा होतो आणि वर सुरकुती उठते. बाजू खोचताना समोरासमोर करा: डावी मध्यावर, मग उजवी मध्यावर, मग टोकांकडे. एक पूर्ण बाजू आधी खोचली तर मधली रेघ सरकते आणि दुसरीकडे कापड कमी पडतं.

एवढं करूनही पाठ भिजत असेल तर

आठ-दहा रात्री हे सगळं करून छाती कोरडी आणि पाठ ओली अशीच स्थिती राहिली, तर गादीचा वरचा फोमच तापतो आहे. मेमरी फोममध्ये हे जास्त होतं. नवी गादी घेण्याआधी पिंजाऱ्याकडून ७२ बाय ७८ ची दोन इंची कापसाची पातळ गादी भरून घ्या आणि ती फोमवर घाला. टाके जवळजवळ मारायला सांगा, नाहीतर कापूस महिन्याभरात कडेला सरकतो आणि मधे खळगा पडतो. तिला दर पंधरवड्याने ऊन दाखवायला हवं. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र ती गुंडाळून कोरड्या जागी ठेवलेली बरी.

ही गादी आली की चादरीचा हिशेब पुन्हा करा. एकूण जाडी आता दहा इंच झाली. रुंदीला ७२ अधिक २०, म्हणजे ९२. १०८ ची चादर आटून १०४ झाली तरी एका बाजूला सहा इंच मिळतात. लांबीला ७८ अधिक २० म्हणजे ९८. तिथे सहाच उरतात. ते सगळे पायथ्याला द्या, तिथे कोपरे पाकिटासारखे बसवा, आणि उशाकडची कड खोचू नका, नुसती खाली सोडा. ती हेडबोर्ड आणि गादीच्या फटीत दबून राहते.